ओळखीच्या सवलतीचा व्हिडिओ पाहूनही ग्राहक पुन्हा तेच का विचारतात?

दुकानाने जुन्या ग्राहकांसाठी सवलत जाहीर केलेली असते: तुमच्या ओळखीने नवा ग्राहक आला, तर तुम्हालाही काही मिळेल आणि त्यालाही. तिचा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा व्हिडिओ तयार होतो, व्हॉट्सॲपवर सर्वांना जातो, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानाचा फोन वाजू लागतो. ‘व्हिडिओ पाहिला, पण नेमके करायचे काय?’ ‘मी तिघांना पाठवला, माझे पैसे कधी येणार?’ नाशिकमधील लहान दुकानदारांसाठी मी असे व्हिडिओ तयार करतो आणि ही अडचण माझ्यासमोर इतक्या वेळा आली आहे, की तिचे कारण कोठे शोधायचे आणि दुरुस्ती कशी करायची, हे एका उदाहरणाच्या आधारे सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

उदाहरण इंदिरानगरमधील एका दुकानाचे आहे. ते घरगुती वॉटर प्युरिफायरची दुरुस्ती करते आणि वार्षिक सर्व्हिस करार देते. कराराची रक्कम २४०० रुपये. जुन्या ग्राहकाच्या ओळखीने एखाद्या नव्या घराने करार केला, तर नव्या घराला पहिल्याच बिलात २०० रुपये सूट आणि जुन्या ग्राहकाला पुढच्या वर्षीच्या बिलात ३०० रुपये सूट, अशी ही सवलत होती. कागदावर वाचताना ती सोपी वाटते. मी केलेला पहिला व्हिडिओ मात्र पूर्णपणे फसला.

आधी प्रश्न लिहून काढावेत

व्हिडिओ समजला नाही असे लक्षात आले, की बहुतेक जण तो लगेच नव्याने चित्रित करायला घेतात. पार्श्वसंगीत बदलतात, अक्षरे मोठी करतात, बोलणारी व्यक्ती बदलतात. त्याआधी एक काम करावे. फोनवर किंवा काउंटरवर आलेला प्रत्येक प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत वहीत उतरवावा. ‘सवलतीविषयी चौकशी’ अशी मोघम नोंद उपयोगाची नाही, कारण व्हिडिओतील कोणते वाक्य चुकले हे ग्राहकाच्या शब्दांतूनच कळते.

इंदिरानगरच्या दुकानात आठवडाभर अशी वही ठेवली, तेव्हा बहुतेक प्रश्न दोनच प्रकारचे निघाले. पहिला प्रकार ‘कधी’ या शब्दाचा होता: नंबर दिला, व्हिडिओ पुढे पाठवला, तरी सूट का मिळाली नाही. दुसरा प्रकार ‘कोणाला किती’ याचा होता: ३०० रुपये दोघांत वाटायचे की दोघांना वेगवेगळे. काही तक्रारी मात्र वेगळ्या होत्या. नव्या ग्राहकाने जुन्या ग्राहकाचे नाव फोनवर सांगितले होते, पण दुकानात ते कोणी लिहून घेतलेच नव्हते. ही चूक व्हिडिओची नाही, आणि व्हिडिओ कितीही सुधारला तरी ती सुटणार नाही. त्यासाठी फोन घेणाऱ्याने ‘कोणाच्या ओळखीने आलात?’ हे स्वतःहून विचारायचे आणि उत्तर बिलावरच लिहायचे, एवढी व्यवस्था लावावी लागली. असे प्रश्न आधी बाजूला काढले नाहीत, तर नसलेला दोष व्हिडिओत शोधण्यात वेळ जातो.

पहिल्या व्हिडिओत काय चुकले होते

त्या व्हिडिओतील बोलणे जवळपास असे होते: ‘आमच्या सर्व ग्राहकांसाठी खास योजना! आपल्या मित्रांना रेफर करा आणि मिळवा ३०० रुपयांपर्यंत कॅशबॅक. दोघांनाही फायदा! आजच शेअर करा. अटी लागू.’ ऐकायला ते जाहिरातीसारखे वाटते आणि दोष नेमका तेथेच आहे. जाहिरातीत वापरून वापरून गुळगुळीत झालेले शब्द कानावरून जातात, पण ऐकणाऱ्याच्या मनात कोणतीही कृती उभी करत नाहीत.

‘रेफर करा’ म्हणजे नेमके काय? काही ग्राहकांनी त्याचा अर्थ व्हिडिओ पुढे पाठवणे असा घेतला, काहींनी दुकानाला शेजाऱ्यांचा नंबर देणे असा, तर काहींनी शेजाऱ्यांना दुकानात घेऊन येणे असा. दुकानाला अपेक्षित कृती या तिन्हींपेक्षा वेगळी होती: शेजाऱ्यांनी स्वतः फोन करायचा आणि जुन्या ग्राहकाचा मोबाइल नंबर सांगायचा. त्यावर शेवटी ‘आजच शेअर करा’ असे सांगितल्यामुळे ‘शेअर केले की काम झाले’ हा समज पक्का झाला. प्रेक्षक सर्वांत शेवटी ऐकलेली आज्ञा पाळतो. म्हणून शेवटची आज्ञा आणि सूट मिळवून देणारी कृती एकच असायला हवी.

‘दोघांनाही’ या शब्दाचा घोटाळा वेगळाच आहे. ‘दोघांना ३०० रुपये’ याचा अर्थ प्रत्येकी ३०० असाही होतो आणि दोघांत मिळून ३०० असाही होतो. येथे तर दोघांच्या रकमाच वेगळ्या होत्या, आणि तो फरक झाकण्यासाठी मी ‘३०० रुपयांपर्यंत’ असे म्हटले होते. ‘पर्यंत’ हा शब्द रकमेला लागला, की ग्राहकाला ती रक्कम आपल्याला मिळेल असे वाटत नाही. यात काहीतरी मेख आहे असे वाटते. शिवाय आदरार्थी बहुवचनामुळे ‘त्यांना’ म्हणजे एक शेजारी, शेजाऱ्याचे सगळे घर, की दुकानवाले, हे कानाला कळत नाही. ‘तुम्हाला सूट मिळेल, त्यांनाही मिळेल, त्यांनी बिल भरल्यावर ती लागू होईल’ या वाक्यातील ‘ती’ कोणाची सूट, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते, ऐकणाऱ्याला नाही. यावर उपाय साधा आहे. सर्वनाम टाळावे आणि प्रत्येक वेळी नातेच उच्चारावे: तुम्ही, आणि तुमचे शेजारी. वाचताना ही पुनरुक्ती खटकेल, ऐकताना ती खटकत नाही.

राहिले ‘अटी लागू’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील अशी सूचना मूळ दाव्याच्याच भाषेत आणि स्पष्ट दिसेल अशी असावी लागते, आणि महत्त्वाची माहिती लपवण्यासाठी तिचा वापर करता येत नाही. कायद्याचा भाग सोडला, तरी या व्हिडिओपुरते एवढे खरे आहे, की ‘बिल भरल्यावरच सूट’ ही अट कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकण्यासारखी नव्हती. सगळी सवलत तिच्यावरच उभी होती.

दुरुस्ती व्हिडिओची की सवलतीची

नवे बोलणे लिहायला बसल्यावर लक्षात आले, की मूळ सवलतीला तीन पायऱ्या होत्या. शेजाऱ्यांनी वार्षिक करार केला तर ३०० रुपये, फक्त फिल्टर बदलून घेतला तर १००, आणि नवे यंत्र घेतले तर ५००. माझ्या अनुभवात पाऊण मिनिटात प्रेक्षकाच्या मनात एकच ‘जर’ आणि एकच ‘तर’ राहतो. दुसरा ‘जर’ आला, की तो पहिल्याला पुसून टाकतो, आणि ग्राहकाला आठवते ती सर्वांत मोठी रक्कम, सर्वांत सोप्या अटीसह. म्हणजेच ‘फिल्टर बदलला की ५०० रुपये’.

अशा वेळी व्हिडिओ सुधारण्याचा हट्ट धरू नये. मी मालकांना स्पष्ट सांगितले, की एकतर सवलत एकाच पायरीची करावी, नाहीतर व्हिडिओ फक्त वार्षिक कराराबद्दल असावा आणि उरलेल्या दोन पायऱ्या ग्राहक दुकानात आल्यावर सांगाव्यात. त्यांनी हिशेब केला, तेव्हा फिल्टरची पायरी फारच कमी जणांनी वापरलेली निघाली. त्यांनी ती बंद केली, आणि नव्या यंत्राची पायरी काउंटरवर सांगायची ठरवली. सवलत एका वाक्यात मावू लागली: तुमच्या शेजाऱ्यांनी वार्षिक कराराचे बिल भरले, की शेजाऱ्यांच्या त्याच बिलात २०० रुपये कमी आणि तुमच्या पुढच्या वर्षीच्या बिलात ३०० रुपये कमी. हे वाक्य तयार होईपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा व्हिडिओ आणि ‘जमा’ हा शब्द

दुसऱ्या व्हिडिओत वरील सगळे दोष काढले होते, तरीही एक नवा प्रश्न आला. त्यात वाक्य होते: ‘शेजाऱ्यांनी बिल भरले, की तुमचे तीनशे रुपये जमा होतील.’ हिशेबाच्या वहीत जमा-खर्च लिहिणाऱ्या दुकानदाराला या शब्दाचा अर्थ ‘तुमच्या नावावर मांडले जातील’ असा लागतो. ग्राहकाला मात्र रक्कम ‘जमा झाली’ हा बँकेचा मेसेज रोज वाचायची सवय आहे.

सिडकोमधून एक काकू यंत्राचा सुटा भाग घ्यायला दुकानात आल्या होत्या. मी त्यांना माझ्या फोनवर व्हिडिओ एकदा दाखवला आणि विचारले, ‘काकू, यात तुम्हाला काय मिळणार, ते सांगता का?’ त्यांनी एका दमात सांगितले, ‘आमच्या शेजारच्या वहिनींनी तुमच्याकडे पैसे भरले, की माझ्या खात्यात तीनशे रुपये येणार. पण तुमच्याकडे माझा खाते नंबर कुठे आहे?’ त्यांनी सगळे नीट ऐकले होते; कृती, अट, रक्कम, सगळे बरोबर. एका शब्दाने बिलातली सूट बँकेतले पैसे झाली होती. हा व्हिडिओ तसाच गेला असता, तर वर्षभर खाते तपासून नाराज होणारे ग्राहक तयार झाले असते, आणि त्यांचे चुकले आहे असे कोणालाही म्हणता आले नसते.

म्हणून तिसऱ्या व्हिडिओत ‘जमा’, ‘मिळवा’, ‘कॅशबॅक’ हे तिन्ही शब्द काढून ‘बिलात कमी’ एवढाच प्रयोग ठेवला. जेथे खरोखर रोख रक्कम किंवा यूपीआयने पैसे दिले जातात, तेथे ‘खात्यात येतील’ असे बिनदिक्कत म्हणावे. शब्दावरून बक्षीस कोणत्या रूपात आहे हे लगेच कळले पाहिजे, एवढाच मुद्दा आहे.

तिसऱ्या व्हिडिओतील बोलणे

अखेरचे बोलणे असे ठरले:

‘ही सूचना आमच्याकडे वार्षिक करार असलेल्या ग्राहकांसाठी आहे. तुमच्या शेजाऱ्यांनी आमच्याकडे वार्षिक करार केला, तर तुमच्या बिलात तीनशे रुपये कमी होतील आणि शेजाऱ्यांच्या बिलात दोनशे. शेजाऱ्यांनी आम्हाला फोन करायचा आणि तुमचा मोबाइल नंबर सांगायचा. हे शेजाऱ्यांचे बिल. चोवीसशेमधून दोनशे वजा, भरायचे बावीसशे. शेजाऱ्यांनी हे बिल भरले, की तुम्हाला आमचा मेसेज येईल. हे तुमचे पुढच्या वर्षीचे बिल. चोवीसशेमधून तीनशे वजा, भरायचे एकवीसशे. नुसता नंबर दिल्याने सूट मिळत नाही. शेजाऱ्यांनी बिल भरल्यावर मिळते. म्हणून शेजाऱ्यांना सांगा: फोन करताना माझा नंबर सांगा.’

हे साधारण ८० शब्द आहेत. मराठी सावकाश आणि स्पष्ट बोलताना मी सेकंदाला दोन शब्द धरतो, म्हणून बोलण्याला ४० सेकंद आणि बिले नीट दिसण्यासाठी ५ सेकंद, असा ४५ सेकंदांचा व्हिडिओ झाला. रकमा जाणीवपूर्वक ‘चोवीसशे’, ‘बावीसशे’ अशा म्हटल्या आहेत. ‘दोन हजार चारशे’ ही रक्कम ऐकून त्यातून दोनशे वजा करायला मनाला जास्त वेळ लागतो, आणि दुकानातही सगळे ‘चोवीसशे’ असेच म्हणतात. सुरुवातीचे वाक्य रुक्ष वाटेल, पण ते मुद्दाम ठेवले आहे. ही सूचना आपल्यासाठी आहे की नाही, हे पहिल्या पाच सेकंदांत कळले नाही, तर ज्याच्याकडे करार नाही तोही सूट मागायला येतो.

चित्रणात सर्वाधिक उपयोग झाला तो दोन बिलांचा. बोलणाऱ्याचा चेहरा फक्त पहिल्या वाक्यापुरता ठेवला. नंतर काउंटरवर दुकानाचे खरे बिलबुक ठेवले आणि कॅमेरा थेट वरून लावला. पहिल्या बिलावर निळ्या शाईने वर ‘शेजारी’ असे मोठे लिहिले होते, खाली २४००, त्याखाली उणे २००, रेघ, आणि २२००. बोलणे चालू असताना बोट रकमेखालून सरकत जाते आणि २२०० वर येऊन थांबते. मग ते पान उलटले जाते आणि खालच्या बिलावर ‘तुम्ही – पुढचे वर्ष’ दिसते. पान उलटण्याची ती क्रिया महत्त्वाची आहे, कारण आधी शेजाऱ्यांचे बिल आणि मग तुमचे, हा क्रम तिच्यामुळे शब्दांशिवायही कळतो. दोन्ही बिले शेजारी शेजारी ठेवून पाहिली होती. तेव्हा दोन्ही बिलांतली सूट एकाच वेळी मिळते असा समज होत होता.

अनेक जण आवाज बंद ठेवून व्हिडिओ पाहतात, म्हणून खाली अक्षरे हवीतच, पण एका वेळी दोन ओळींहून अधिक नकोत आणि ती अगदी तळाशी नकोत. उभ्या व्हिडिओत तळाला आणि उजव्या कडेला ॲपची स्वतःची बटणे आणि मजकूर येतो, त्याखाली रक्कम झाकली जाते. काही एडिटिंग ॲपमध्ये देवनागरी अक्षरांचे रफार आणि खालचे उकार ओळीच्या कडेला कापले जातात किंवा जोडाक्षरे सुटी होतात. ‘सर्व्हिस’ हा शब्द टाकून पाहिला, की तो दोष लगेच दिसतो. बिलावर आणि खालच्या अक्षरांत आकडे एकाच लिपीतले ठेवावेत. बिलावर इंग्रजी आकडे आणि खाली मराठी आकडे असले, तर नजर दोन वेळा वाचत बसते आणि पुढचे वाक्य निसटते.

एकदाच दाखवून तपासणी

व्हिडिओ पाठवण्यापूर्वी तो सवलतीबद्दल काहीही माहीत नसलेल्या पाच जणांना दाखवावा. दुकानातील कामगार आणि घरचे लोक यासाठी चालत नाहीत, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. प्रत्येकाला व्हिडिओ एकदाच दाखवावा, मध्ये काही बोलू नये, आणि ‘समजले का?’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला सगळे जण ‘हो’ म्हणतात. नाही म्हणायला संकोच वाटतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: शेजाऱ्यांनी काय करायचे आहे, तुम्हाला काय आणि कधी मिळेल, आणि तुम्ही नंबर दिला, पण शेजाऱ्यांनी करार केलाच नाही, तर काय होईल?

खरी परीक्षा तिसऱ्या प्रश्नाने होते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ऐकलेली वाक्ये परत म्हणून देता येतात. तिसऱ्याचे उत्तर बरोबर येण्यासाठी अट मनात बसलेली असावी लागते. पाचपैकी दोघे जरी तिसऱ्या प्रश्नाला अडले, तरी अट सांगणारे वाक्य आणि त्या वेळी दिसणारे चित्र हे दोन्ही तपासावे. आमच्या बाबतीत दुसऱ्या व्हिडिओत अट सांगताना पडद्यावर दुकानाची पाटी दिसत होती. तिसऱ्यात त्याच क्षणी बिलावर ‘मिळाले’ असा शिक्का पडताना दाखवला. हा बदल करून व्हिडिओ नाशिकरोड आणि पाथर्डी फाटा येथील नव्या पाच जणांना दाखवला, तेव्हा पाचही जणांनी ‘मग काही मिळणार नाही’ असे बरोबर सांगितले. एका प्रेक्षकाला तो आवाज बंद करून दाखवला होता. त्यांचेही उत्तर बरोबर आले, मात्र मेसेज येईल ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. ती राहिली नाही तरी चालते, कारण मेसेज आल्यावर ती आपोआप कळते.

एका घराला वर्षात पाचच वेळा ही सूट, आणि करार झाल्यानंतर मागाहून नाव सांगितलेले चालणार नाही, या दोन गोष्टी व्हिडिओत घेतल्या नाहीत. त्या व्हिडिओसोबत जाणाऱ्या लेखी मेसेजमध्ये घातल्या. पहिली फारच थोड्या ग्राहकांना लागू होते, आणि दुसरी ‘फोन करताना’ या शब्दांतच अर्धी येऊन गेली आहे.

शेवटची अडचण मुदतीची. सवलत ३१ मार्चला संपली, तरी व्हिडिओ सोसायट्यांच्या ग्रुपमध्ये फिरत राहतो आणि जून महिन्यात कोणीतरी तो घेऊन दुकानात येते. मुदत फक्त सोबतच्या मेसेजमध्ये लिहिली, तर व्हिडिओ पुढे पाठवताना मेसेज मागेच राहतो. म्हणून ‘३१ मार्चपर्यंत भरलेल्या बिलांसाठी’ ही ओळ व्हिडिओच्या वरच्या भागात, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत, एकाच जागी ठेवली. त्या ओळीत ‘भरलेल्या’ हा शब्द हवाच, नाहीतर ३१ मार्चला फोन करून एप्रिलमध्ये बिल भरणारा ग्राहक आपणही मुदतीत होतो असे म्हणेल, आणि ते त्याचे म्हणणे रास्त असेल.